खंडनाची तालीम

६ फेब्रुवारी २०१६ची रात्र. अमेरिकेच्या अध्यक्षपदासाठी रिपब्लिकन पक्षाची उमेदवारी मागणारे नेते न्यू हॅम्पशायरमधल्या सेंट अँसेल्म कॉलेजच्या व्यासपीठावर उभे होते. मार्को रुबियो तेव्हा जोरात होते. पाचच दिवसांपूर्वी आयोवात ते तिसरे आले होते. न्यू जर्सीचे गव्हर्नर ख्रिस ख्रिस्ती यांनी त्यांना घेरले. तुम्ही फक्त सिनेटर आहात, राज्यकारभार कधी चालवलेला नाही आणि ओबामांना निवडून देताना आपण हीच चूक केली होती, असा त्यांचा रोख होता. रुबियो तयारीत होते. ‘ओबामांना आपण काय करतोय ते कळत नाही, हा भ्रम सोडा, त्यांना ते पक्के ठाऊक आहे,’ या आशयाचे वाक्य त्यांनी टाकले.

हे वाक्य त्यांनी थोड्याच वेळापूर्वी उच्चारले होते. ख्रिस्तींनी नेमके त्यावर बोट ठेवले: हे पाहा, पाठ केलेले पंचवीस सेकंदांचे भाषण. त्यावर रुबियोंनी पुन्हा जवळजवळ तेच वाक्य म्हटले. ख्रिस्ती प्रेक्षकांकडे वळून म्हणाले, ऐकलेत ना? तीन दिवसांनी झालेल्या मतदानात रुबियो पाचवे आले.

या प्रसंगातून ‘पाठांतर वाईट’ असा निष्कर्ष काढला जातो आणि तो चुकीचा आहे. रुबियोंचे वाक्य मुळात वाईट नव्हते. ओबामा अननुभवी म्हणून चुकले नाहीत, त्यांची धोरणेच तशी होती, हा त्याचा अर्थ. म्हणजे अनुभवाच्या आक्षेपाला ते उत्तर होऊ शकत होते. पण आक्षेपाचे रूप बदलले होते. ख्रिस्तींनी दुसऱ्यांदा विचारले ते ओबामांबद्दल नव्हते, पाठांतराबद्दल होते. त्याला उत्तर मिळालेच नाही.

तालीम करून दिलेले आणि तरीही बरोबर बसलेले उत्तर पाहायचे असेल, तर ५ ऑक्टोबर १९८८ला ओमाहात झालेला उपाध्यक्षपदाच्या उमेदवारांचा वाद पाहावा. ४१ वर्षांचे डॅन क्वेल प्रचारसभांतून आपल्या अनुभवाची तुलना जॉन केनेडींशी करत. डेमोक्रॅट उमेदवार लॉइड बेंटसेन यांच्या सरावात क्वेल यांची भूमिका ओहायोचे काँग्रेस सदस्य डेनिस एकार्ट यांनी केली आणि तीत ही तुलनाही आली. प्रत्यक्ष वादात क्वेल म्हणाले, की केनेडी अध्यक्षपदाला उभे राहिले तेव्हा त्यांच्याकडे काँग्रेसचा जेवढा अनुभव होता तेवढा माझ्याकडे आहे. बेंटसेन संथपणे उत्तरले: मी केनेडींबरोबर काम केले आहे, मी त्यांना ओळखत होतो, ते माझे मित्र होते; सिनेटर, तुम्ही केनेडी नाही. सभागृहात टाळ्यांचा कडकडाट झाला. हे वाक्य गरजेचे नव्हते, अशी तक्रार क्वेल यांनी केली. त्यावर बेंटसेन यांनी लगेच सुनावले, की तुलना तुम्हीच केलीत आणि मी त्यांना जवळून ओळखणारा माणूस आहे.

प्रतिस्पर्धी ते बोलेल तेव्हाच वापरायचे, तोवर खिशात ठेवायचे, ही या तयारीची अट होती. क्वेल यांनी केनेडींचे नाव घेतले नसते, तर ते वाक्य कोणी ऐकलेही नसते.

तरीही कठोर परीक्षक इथे एक खूण करील. क्वेल यांचा दावा वर्षांबद्दल होता आणि आकड्यांत तो फार खोटा नव्हता: केनेडींची काँग्रेसमधली १४ वर्षे, क्वेल यांची १२. बेंटसेन यांनी त्या दाव्याला हात न लावता माणसांची तुलना मोडली. सभा त्यांनी जिंकली, पण मुद्दा तसाच राहिला. स्पर्धेतल्या खंडनात हे चालत नाही.

आपल्याकडच्या जुन्या वादशास्त्राने हा दोष फार पूर्वी नोंदवला आहे. न्यायसूत्रांत वादात हार ठरवणारी २२ निग्रहस्थाने दिली आहेत. त्यांतले एक अननुभाषण. समोरच्याने तीनदा सांगितले, परिषदेला ते कळलेही, तरी ते आपल्या तोंडून पुन्हा मांडता आले नाही, तर तुम्ही हरलात. उत्तर देण्याआधी आक्षेप उच्चारून दाखवायचा, हा नियम आजच्या परीक्षकांच्या मनातही असतोच.

महाविद्यालयीन स्पर्धेतले उदाहरण घेऊ. ठराव: शाळेत विद्यार्थ्यांच्या मोबाइलवर बंदी असावी. ठरावाच्या बाजूने बोलणारी मुलगी घरून खंडनाचे तुकडे तयार करून आणते. एका कागदावर एकच आक्षेप, खाली दोन वाक्यांत उत्तर आणि एक पुरावा. ‘पालकांना संपर्क हवा’ या आक्षेपाखाली तिने लिहिले आहे: शाळेच्या कार्यालयात फोन असतो, फ्रान्सने २०१८ साली कायद्याने प्राथमिक आणि माध्यमिकच्या खालच्या वर्गांत मोबाइल वापरायला बंदी केली.

प्रत्यक्षात विरोधी वक्ता म्हणतो: तालुक्याच्या शाळेत शिकणारी मुलगी संध्याकाळी एसटीने गावी जाते, गाडी चुकली तर तिने घरी कसे कळवायचे? मोबाइलवाचून ती असुरक्षित आहे.

आता तयार कागद वाचला तर पंचाईत. शाळा सुटल्यावर कार्यालय बंद असते. फ्रान्सचा दाखला रस्त्यावरच्या मुलीच्या काय कामाचा? चांगली वक्ती आधी त्याचेच शब्द घेते: ‘माझे मित्र म्हणाले, गाडी चुकलेल्या मुलीला मोबाइल हवा. मान्य.’ मग फरक दाखवते: ‘पण गाडी चुकते ती शाळा सुटल्यावर. ठराव शाळेतल्या वापराबद्दल आहे. सकाळी मोबाइल कार्यालयात जमा करा, सुटताना परत घ्या. मुलगी सुरक्षित राहते आणि तासही बिघडत नाही.’ शेवटी परिणाम सांगते: ‘म्हणजे त्यांचा सर्वांत भावणारा मुद्दासुद्धा ठरावाला धक्का लावत नाही.’ फ्रान्सचा कागद ती बाजूला ठेवते. तयार करून आणलेला पुरावा न वापरणे सर्वांत जड जाते आणि अनेक वक्ते इथेच घसरतात.

या उत्तरात पाठ केलेले काय होते? क्रम: त्यांचा मुद्दा, आपला फरक, कारण, परिणाम. शब्द जागेवर आले. हे जमण्यासाठी समोरच्याचे बोलणे टिपावे लागते. वहीच्या पानावर उभी रेघ मारावी. डावीकडे त्याचे मुद्दे त्याच्याच शब्दांत, उजवीकडे समोरासमोर आपले उत्तर. उजवीकडची जागा रिकामी राहिली, तर तो मुद्दा सुटला आहे, हे वक्त्याला बोलायच्या आधीच दिसते. सगळ्या मुद्द्यांना उत्तर द्यायची गरज नसते. वेळ दोनच मिनिटे असेल तर ठराव ज्यांवर उभा किंवा आडवा होतो असे दोन मुद्दे घ्यावेत, किरकोळ आकडा चुकला म्हणून अर्धे मिनिट घालवू नये.

आमच्या महाविद्यालयांतल्या स्पर्धांत विद्यार्थ्यांकडून भाषण घोकून घेतले जाते आणि खंडन ऐन वेळच्या हुशारीवर सोडले जाते. वादविवाद शिकवणाऱ्या शिक्षकांनी हे उलटे करावे. भाषण बसले की दुसऱ्या विद्यार्थ्याला विरोधक करावे आणि प्रत्येक फेरीत त्याच्या कानात एक नवा आक्षेप सांगावा, जो वक्त्याच्या कागदांवर नाही. वक्त्याला विचारासाठी अर्धे मिनिट द्यावे आणि आक्षेप स्वतःच्या तोंडून मांडल्याशिवाय उत्तर सुरू करू देऊ नये.