वाड्याचे भाडे आणि भावंडांचा हिशेब

वडील गेले, मृत्युपत्र केले नव्हते, आणि मागे राहिला भाडेकरूंनी भरलेला वाडा. अशा घरातील वारसांमध्ये तंटा होतो तो बहुधा वाटणीवरून, असा समज आहे. प्रत्यक्षात वाटणीचा प्रश्न पुष्कळदा वर्षानुवर्षे उपस्थितच होत नाही. जुना वाडा तुकडे करून वाटता येत नाही, हे सर्वांनाच कळते. तंटा होतो तो दरमहा येणाऱ्या भाड्यावरून. वाड्यात राहणारा थोरला भाऊ भाडे गोळा करतो, इतरांचा त्याच्यावर विश्वास असतो, आणि या विश्वासापोटीच काही लिहून ठेवले जात नाही.

पुण्याच्या पेठेतील एक वाडा उदाहरणादाखल कल्पावा. दोन भाऊ, दोन बहिणी. आई आधीच वारलेली. वाडा वडिलांच्या स्वकष्टार्जित मिळकतीचा, तेव्हा 1956 च्या हिंदू वारसा कायद्याप्रमाणे चौघांचा हिस्सा सारखा. पाच भाडेकरूंचे मिळून दरमहा 21,000 रुपये येतात आणि थोरला भाऊ स्वतः दोन खोल्यांत राहतो. चौघे मिळून करारनामा करतात, की वहिवाट थोरल्याने पाहावी आणि इतरांना हिशेब द्यावा. अशा करारात अधिकारांची कलमे लांबलचक असतात. हिशेबाविषयी मात्र ‘वेळोवेळी हिशेब द्यावा’ एवढे एकच वाक्य. नेमके तेथेच बिनसते.

हिशेब कोणत्या तारखेला आणि कोणत्या नमुन्यात द्यायचा, हे करारातच लिहिले पाहिजे. कचेरीतील कोणत्याही कारकुनाला ठाऊक असलेले तीन रकाने त्याला पुरेत: मागणी, वसुली आणि बाकी. केवळ वसुली दाखवणारा हिशेब तपासताच येत नाही. कोणाकडून किती यायला हवे होते, हे त्यात कळत नाही. 1999 च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्यान्वये भाड्याची पावती देणे मालकावर बंधनकारक आहे. म्हणून पावतीपुस्तकाची स्थळप्रत हाच खरा पुरावा. ती, बँकेचे पासबुक आणि वसुलीचा रकाना ही तिन्ही जुळली पाहिजेत. भाड्यासाठी चौघांच्या नावे वेगळे खाते उघडले, तर निम्मे संशय उद्भवतच नाहीत.

थोरल्याच्या दोन खोल्यांचे काय? हा प्रश्न विचारण्याचा संकोच वाटतो, म्हणून तो दहा वर्षांनी कडवटपणे विचारला जातो. समजा, त्यांचे भाडे दरमहा 3,000 ठरले. मग वर्षाची मागणी 2,88,000 झाली. एका भाडेकरूचे तीन महिन्यांचे 12,000 थकले, वसुली 2,76,000. घरपट्टी 31,000, छपराची दुरुस्ती 40,000, जिन्यातील दिवे व झाडलोट 17,000, आणि वहिवाटीचा मोबदला वसुलीच्या पाच टक्के, म्हणजे 13,800. पुढील डागडुजीसाठी दहा टक्के, 27,600, राखून ठेवले. उरले 1,46,600, प्रत्येकाचा हिस्सा 36,650. थोरल्याच्या हिश्शातून त्याच्या खोल्यांचे 36,000 वजा होतात आणि मोबदल्याखेरीज त्याच्या हाती 650 रुपये पडतात. आकडा मनाला लागण्यासारखा आहे. पण तो पहिल्याच वर्षी कागदावर दिसलेला बरा. भावंडांना खोल्यांचे भाडे माफ करायचे असेल, तर तसेही कलम घालता येते.

अनामत रकमेचा घोळ याहून अवघड. गाळा नव्याने देताना घेतलेली अनामत हे उत्पन्न नव्हे, ते परत द्यावयाचे देणे आहे. ती भाड्यात मिसळून वाटली गेली, की भाडेकरू जाताना ती कोणी भरायची यावरून वाद पेटतो. हिशेबात तिचे पान निराळे असावे. तसेच नवा भाडेकरू ठेवणे, पागडी घेणे किंवा ठरावीक रकमेवरील दुरुस्ती काढणे यांना चौघांची लेखी संमती लागेल, असे कलम हवे. भाडे नियंत्रणाखालील भाडेकरू एकदा आला की तो सहजी निघत नाही. एकट्याच्या सहीने चौघांना बांधून घेण्यासारखा तो व्यवहार नाही.

हिशेब मागूनही मिळाला नाही तर? प्रतिनिधीने मागताच हिशेब द्यावा, हे कराराचा कायदा सांगतोच. परंतु वहिवाट चालू असताना मागणी नाकारली गेली, तर मुदतीच्या कायद्याप्रमाणे दाव्याची तीन वर्षे त्या नकारापासून मोजली जातात. तोंडी मागणी आणि तोंडी नकार यांची तारीख कोण सिद्ध करणार? म्हणून मागणी लेखी असावी आणि पोच जपून ठेवावी.

चौघांपैकी एक वारल्यास काय, हेही लिहून ठेवावे लागते. प्रतिनिधीचा अधिकार सामान्यतः तो देणाऱ्याच्या मृत्यूबरोबर संपतो. धाकटी बहीण गेली, तर तिच्या मुलांनी करारावर नव्याने सह्या कराव्यात आणि तोवर तिच्या हिश्शाची रक्कम खात्यात निराळी ठेवावी.