घड्याळ पुढे, नक्कल मागे

पुस्तकांची ऑनलाइन विक्री करणारं एखादं दुकान डोळ्यांसमोर आणा. ऑर्डर्स मुख्य डेटाबेसमध्ये नोंदल्या जातात. त्याच्यावर ताण नको म्हणून त्याची एक नक्कल दुसऱ्या यंत्रावर ठेवलेली असते. तिला रेप्लिका म्हणतात आणि ती फक्त वाचण्यासाठी असते. कुरिअरची लेबलं छापणारी वेगळी प्रणाली दर १५ मिनिटांनी या रेप्लिकेकडे येते आणि विचारते, ‘मागच्या फेरीनंतर काय काय बदललं?’ या नेमाने होणाऱ्या फेरीला सिंक म्हणतात.

मुख्य डेटाबेस आणि रेप्लिका एकाच क्षणी बदलत नाहीत. पोस्टग्रेस या लोकप्रिय डेटाबेसमध्ये प्रत्येक बदल आधी एका रोजनाम्यात उतरतो आणि तो रोजनामा रेप्लिकेकडे वाहत राहतो. मुख्य यंत्रावर शंभर जण एकदम लिहीत असले, तरी रेप्लिकेवर तो रोजनामा क्रमाने उतरवून घेणारी प्रक्रिया एकच असते. एरवी हे अंतर सेकंदाहूनही कमी असतं. पण कुणी लाखो नोंदींच्या किमती एका झटक्यात बदलल्या की मागे रांग लागते. या पिछाडीचं नाव लॅग.

आता एक सकाळ पाहू. किमतींच्या बदलामुळे रेप्लिका चार मिनिटं मागे पडली आहे. १०:५८ ला एका ग्राहकाने ऑर्डरचा पत्ता बदलला. ११:०० ला सिंक आला. रेप्लिका तेव्हा १०:५६ चं जग दाखवत होती, त्यामुळे ही ऑर्डर त्याला बदललेली दिसलीच नाही. इथवर बिघडलं काहीच नव्हतं. नवा पत्ता पुढच्या फेरीत मिळाला असता. पण फेरी संपवताना सिंकने आपल्या घड्याळात पाहून खूण केली: ११:०० पर्यंतचं वाचलं. ११:१५ ला त्याने ११:०० नंतर बदललेल्या नोंदी मागितल्या. पत्त्याची नोंद आता रेप्लिकेत हजर होती, पण तिच्या `updated_at` या रकान्यात वेळ होती १०:५८. ती पुन्हा कधीच विचारली जाणार नाही. दुपारी लेबल छापलं गेलं ते जुन्या पत्त्याचं.

तक्रार आल्यावर शोधणाऱ्याची पंचाईत होते. मुख्य डेटाबेस बघावा तर पत्ता बरोबर, रेप्लिकेतही बरोबर, सिंकच्या लॉगमध्ये प्रत्येक फेरी यशस्वी. शिवाय ज्या ऑर्डरला नंतर कुणी हात लावला ती आपोआप दुरुस्त होते, कारण तिची वेळ नव्याने पडते. मग ‘कधीतरीच होतं’ म्हणून प्रकरण मिटवलं जातं. खरा माग सुटलेल्या नोंदींच्या वेळांत असतो. त्या एका रांगेत मांडल्या आणि १०:५८, १२:४३, ४:१४ अशा प्रत्येक फेरीच्या जेमतेम आधीच्या निघाल्या, तर चोर सापडला म्हणायचं.

उपाय असा, की खूण आपल्या घड्याळावरून करायचीच नाही. नोंदी वाचण्याआधी रेप्लिकेलाच विचारायचं, ‘बाई, तू कुठवर आलीस?’

```sql
SELECT pg_last_xact_replay_timestamp();
```

रेप्लिकेने उतरवून घेतलेला शेवटचा व्यवहार मुख्य यंत्रावर किती वाजता पक्का झाला, ते याने कळतं. आपल्या उदाहरणात उत्तर आलं असतं १०:५६. तीच खूण ठेवली, तर ११:१५ च्या फेरीत १०:५८ ची नोंद हाती लागते. रात्री मुख्य डेटाबेसवर काहीच घडत नसेल तर ही वेळ जुनीच राहते. त्यावरून लॅगचा इशारा देणारी घंटा मध्यरात्री उगाच वाजते, पण खुणेसाठी त्याचा त्रास नाही. फार तर त्याच नोंदी पुन्हा वाचल्या जातात.

एवढ्यानेही एक फट उरते. `updated_at` मध्ये वेळ भरायला बहुतेक जण `now()` वापरतात आणि पोस्टग्रेसमध्ये ते व्यवहार सुरू झाल्याची वेळ देतं, संपल्याची नाही. १०:५० ला सुरू होऊन १०:५९ ला पक्का झालेला व्यवहार आपल्या नोंदींवर १०:५० चा शिक्का मारतो. १०:५६ च्या खुणेमागे त्या लपतात. रेप्लिका नसती तरी हे घडलंच असतं. म्हणून दर फेरीत खुणेच्याही थोडं मागे जाऊन वाचावं, आपल्याकडचा सर्वांत लांब व्यवहार जेवढा चालतो त्याहून जास्त. काही नोंदी दोनदा येतील. म्हणून लिहिताना ऑर्डर क्रमांक आधीच असेल तर तीच नोंद बदलायची, नवी घालायची नाही.

दुरुस्ती केली तरी आधी निसटलेल्या नोंदी आपण होऊन परतत नाहीत. त्यासाठी खूण एकदा काही आठवडे मागे सरकवून सगळं पुन्हा वाचावं लागतं. तेव्हा त्या ग्राहकाचा नवा पत्ताही लेबलांच्या प्रणालीत पोहोचतो. पुस्तक मात्र तोवर जुन्या घरी जाऊन आलेलं असतं.