कवळीला रात्रीची सुट्टी हवी

ओठांचे कोपरे चिरले की रत्नागिरीकडच्या घरांत पहिला संशय उष्णतेवर जातो. मग सब्जाचे पाणी होते, कोपऱ्यांना साजूक तूप लागते, कुणीतरी औषधाच्या दुकानातून बी-कॉम्प्लेक्सच्या गोळ्या आणून देते. चार दिवस बरे वाटते आणि आमसुलाच्या साराचा पहिला घोट घेताच कोपरे पुन्हा झोंबू लागतात. ज्यांना असे वारंवार होते आणि ज्यांच्या तोंडात कवळी आहे, त्यांनी उष्णतेचा विचार बाजूला ठेवून आधी कवळी काढून आरशात टाळू पाहावी. दुखण्याचे मूळ बहुतेकदा तिथे असते.

निरोगी टाळू फिकट गुलाबी असते. वरची कवळी दिवसरात्र घालणाऱ्यांची टाळू अनेकदा लालभडक दिसते, आणि हा लालपणा नेमका कवळीच्या आकाराचा असतो. कवळीची कड जिथे संपते तिथे लालीही संपते. या विकाराला कवळीखालची तोंडाची सूज म्हणता येईल. बहुतेकांना त्याने दुखत नाही. कधी थोडी जळजळ होते, कधी तोंडाला वेगळी चव येते, आणि अनेकांना तर काहीच जाणवत नाही. म्हणूनच तो वर्षानुवर्षे लपून राहतो.

बुरशी राहते कुठे?

या सुजेमागे बहुधा कँडिडा नावाची यीस्ट जातीची बुरशी असते. ती अनेक निरोगी माणसांच्या तोंडातही असते, पण लाळ आणि इतर जंतू तिला आवरून धरतात. वरची कवळी टाळूला घट्ट चिकटून बसते. तिच्याखाली लाळ खेळत नाही, जीभ पोचत नाही, ऊब आणि अन्नाचे कण मात्र मिळतात. शिवाय कवळीचे ॲक्रिलिक डोळ्यांना गुळगुळीत दिसले, तरी टाळूकडच्या बाजूला त्यात बारीक छिद्रे आणि ओरखडे असतात. बुरशी त्यांत रुतते आणि स्वतःभोवती चिकट थर तयार करते. नुसत्या चुळा भरून हा थर निघत नाही. खालच्या कवळीखाली हा त्रास कमी दिसतो, कारण तिच्या आजूबाजूला लाळ सतत वाहत असते.

ओठांचे कोपरे चिरण्यामागे आणखी एक कारण येऊन मिळते. दहाबारा वर्षांत कवळीचे दात झिजतात आणि खालचे हाडही खचते. मग तोंड मिटल्यावर हनुवटी नाकाच्या जास्त जवळ येते आणि ओठांच्या कोपऱ्यांत खोल घडी पडते. त्या घडीत लाळ साचून कातडी ओली राहते, आणि कवळीवरची बुरशी तिथे उतरते. पुष्कळदा त्वचेवरचे स्टॅफिलोकोकस जंतूही तिला साथ देतात. मधुमेह, रक्तातले लोह किंवा बी-१२ कमी असणे आणि दम्यासाठी घेतलेले स्टेरॉइडचे पंप यांनी या सगळ्याला बळ मिळते. पंप ओढल्यावर खळखळून चूळ भरण्याचा सल्ला त्यासाठीच दिला जातो.

जेल लावूनही पुन्हा का?

एक नेहमीचे उदाहरण घेऊ. सत्तरीच्या आजी, कवळी बारा वर्षांची, रात्रीही तोंडातच. मुले मुंबईला, अचानक कुणी दारात आले तर बोळके तोंड दिसू नये म्हणून आजी ती काढत नाहीत. कवळी घासायला मशेरी. कोपरे चिरल्यावर मायकोनॅझोल जेल मिळाले. आठवडाभरात कोपरे भरले म्हणून जेल थांबले, आणि तीन आठवड्यांत चिरा परत आल्या.

इथे औषध निकामी नव्हते. ते कोपऱ्यांना लागले, पण बुरशीचा साठा कवळीत तसाच राहिला. मशेरीच्या खरखरीत कणांनी ॲक्रिलिकवर नवे ओरखडे पाडून त्या साठ्याला आणखी जागा करून दिली. हेच उपचार नीट करायचे, तर डॉक्टर सांगतील त्या मात्रेत जेल जेवणानंतर, कवळी काढून, टाळूवर आणि कोपऱ्यांवर लावावे आणि गिळण्यापूर्वी शक्य तितका वेळ तोंडात राहू द्यावे. मायकोनॅझोल त्या स्टॅफिलोकोकसवरही काही प्रमाणात काम करते, म्हणून कोपऱ्यांसाठी ते सोयीचे. लाली गेल्यानंतरही साधारण आठवडाभर ते चालू ठेवायचे असते. क्लोट्रिमॅझोलचे तोंडात लावायचे थेंबही अनेक दंतवैद्य देतात.

एका बाबतीत मात्र हयगय चालत नाही. हृदयाची झडप बदललेले किंवा रक्ताच्या गुठळ्या झालेले अनेक जण वॉर्फरिन किंवा ॲसेनोकुमेरॉल ही रक्त पातळ ठेवणारी गोळी घेतात. मायकोनॅझोल जेल तोंडात लावले तरी त्याचा काही भाग रक्तात जातो आणि या गोळीचा परिणाम वाढवतो. त्यातून गंभीर रक्तस्राव होऊ शकतो. गोळी चालू असेल तर ते आधी डॉक्टरांना सांगावे. निस्टॅटिनसारखे रक्तात जवळजवळ न शोषले जाणारे औषध ते देऊ शकतात. दुकानातून स्वतःहून जेल आणणे या रुग्णांनी टाळावेच.

रात्रीचे दहा मिनिटांचे काम

झोपण्यापूर्वी कवळी काढावी. बेसिनमध्ये किंवा बादलीत थोडे पाणी घेऊन त्यावर हात धरून ती घासावी, म्हणजे सटकली तरी फुटणार नाही. मऊ ब्रश आणि भांड्यांचा किंवा हात धुण्याचा सौम्य साबण पुरतो. टूथपेस्ट, मशेरी, राख नको. टाळूकडची बाजू जास्त लक्ष देऊन घासावी. नंतर कवळी साध्या पाण्यात, शक्य असल्यास त्यात कवळीची गोळी टाकून, रात्रभर ठेवावी. उकळते पाणी नको, त्याने कवळी वाकडी होते. कोरडी ठेवली तरी तिचा आकार बिघडू शकतो. पाणी रोज बदलावे. सकाळी खळखळून धुऊनच ती तोंडात घालावी. टाळू आणि हिरड्याही ओल्या मऊ कापडाने पुसाव्यात.

बुरशी चिवट असेल तर दंतवैद्य सौम्य ब्लीचमध्ये कवळी बुडवायला सांगतात. दहा मिनिटांपेक्षा जास्त वेळ नको, आणि धातूची तार असलेली कवळी त्यात कधीच नको. शौचालय साफ करायचे द्रव म्हणजे हे ब्लीच नव्हे.

रात्री कवळी काढण्याचा फायदा टाळूपुरता नाही. टोकियोत ८५ वर्षांवरच्या ५२४ ज्येष्ठांवर तीन वर्षे लक्ष ठेवून केलेला अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. कवळी घालून झोपणाऱ्यांत न्यूमोनियाचा धोका दुपटीहून जास्त आढळला. झोपेत लाळेबरोबर तोंडातले जंतू फुप्फुसात उतरतात, हे त्यामागचे संभाव्य कारण.

आजींच्या बाबतीत टाळूची लाली निवळल्यावर शेवटचे काम उरते ते दंतवैद्याचे. झिजलेल्या कवळीला आतून नवा थर द्यायचा की नवी कवळी करायची, हे त्यांनी ठरवायचे. ओठांची घडी उघडली नाही तर चिरा पुन्हा येतात. बोळके तोंड लपवायचे असेल तर दार वाजल्यावर कवळी घालता येते, त्यासाठी रात्रभर ती तोंडात ठेवायची गरज नाही. आणि तीन आठवडे उपचार करूनही एखादी जखम भरत नसेल, पुसून न जाणारा पांढरा किंवा लाल डाग असेल, विशेषतः तंबाखू किंवा मशेरीची सवय असेल, तर त्याला बुरशी समजून थांबू नये. लगेच जिल्हा रुग्णालयात किंवा दंतवैद्याकडे तोंड दाखवावे.