मोडकी छत्री सकाळी द्या, संध्याकाळी न्या

सकाळी ७. दादर पश्चिमेला, स्टेशनच्या वाटेवर आमचं छत्र्या-रेनकोटचं दुकान. मुंबईत मोसमी पाऊस साधारण ११ जूनला येतो, तेव्हापासून आम्ही दहाऐवजी सातलाच शटर वर करतो. दारावर सवलतीची पाटी नसते. पावसात अडकलेला माणूस छत्री घेणारच. सूट दिली म्हणून तो पुढच्या वर्षी आठवणीने येत नाही. पाटी आहे ती वेगळी: मोडकी छत्री सकाळी द्या, संध्याकाळी न्या, दिवसभर आमची वापरा. छत्री कुठल्याही दुकानातली चालते.

८. लोकल गाठणाऱ्यांची घाई. मुठीला नाव आणि फोन नंबरची चिठ्ठी बांधायची, हातात साधी काळी छत्री द्यायची. अनामत तिच्या किमतीएवढीच. परत आली तर पैसे परत, नाही आली तर विकली गेली असं धरायचं. त्यामुळे वाद होत नाहीत.

११. दुरुस्तीवाले काका टेबलाशी बसतात. बहुतेक छत्र्यांचं कापड चांगलंच असतं. टोकाचा टाका उसवलेला असतो किंवा काडीच्या सांध्यातला रिवेट निघालेला असतो. टाका फुकट घालतो, काडी बदलली तर तिचेच पैसे. वाकलेली लोखंडी काडी पकडीने सरळ होते. ॲल्युमिनियमची काडी मात्र एकदा वाकली की त्या जागी कमकुवत होते. सरळ केली तरी पुढच्या वाऱ्यात तिथेच तुटते. फायबरची चिरली तर बदलायलाच हवी. तीन घड्यांच्या छत्रीच्या दोन-तीन काड्या गेल्या असतील, तर काका स्वच्छ सांगतात, “हिच्यावर पैसे घालू नका.” माझ्या मते आमची खरी जाहिरात हे वाक्य आहे.

दुपारी १. सकाळची शाळा सुटते. दप्तरांसोबत मुलांच्या छत्र्या येतात, नाव घालायला. छत्री मोडण्यापेक्षा हरवते जास्त, म्हणून नाव आम्ही फुकट घालतो. पाणी झटकणाऱ्या कापडावर रंगाचे पोपडे निघतात. तिथे बंदाच्या पट्टीवर नाव शिवून देतो.

३. गिऱ्हाईक तुरळक. रेनकोट पाहायला आलेल्याला बाही उलटी करून दाखवायची, शिवणीवर आतून पट्टी चिकटवलेली आहे का ते. मग त्याच्यासमोरच बाहीत तांब्याभर पाणी ओतून धरायची. पाणी झिरपतं ते सुईच्या भोकांतून, कापडातून क्वचितच.

६. परतीची गर्दी. सकाळचा माणूस आपली छत्री उघडून बघतो, अनामत घेतो. दुसऱ्यांदा दुकानात आलेला असा माणूस घाईत नसतो. मुलीसाठी रेनकोट, आईसाठी हलकी छत्री तो याच वेळी बघतो. आमची चांगली विक्री संध्याकाळी होते ती यामुळे.

९. वहीत दिवसभरात मोडून आलेल्या काड्यांची नोंद: कुठला सांधा, कुठला माल. आम्हीच विकलेल्या एकाच जातीच्या छत्र्या त्याच सांध्यात मोडून येऊ लागल्या, की घाऊकवाल्याकडची पुढची ऑर्डर थांबवायची. न नेलेल्या छत्र्यांच्या मालकांना फोन करायचे, आणि उद्यासाठी काड्या, रिवेट नि जाड काळा दोरा मोजून ठेवायचा.