एक तारा मिळाला तर उत्तर कसं लिहायचं?

मैत्रिणींनो, आपल्या काही गटांनी हळद, मसाले, पापड यांचं नाव गूगल मॅपवर चढवलंय. त्यामुळे गिऱ्हाईक सापडतं, पण त्याच जागी गिऱ्हाईक आपल्याबद्दल लिहूही शकतं. वसमतच्या एखाद्या गटाची हळद कुरिअरने पुण्याला गेली, आणि चार दिवसांनी एक तारा देऊन कुणी असं लिहिलं, असं समजा:

"हळद फिकट, पाकिटात गाठी. पैसे वाया. बचत गटाचं नाव सांगून फसवणूक चालली आहे."

वाचताना डोकं तापणारच. पण हे लिहिणारी व्यक्ती एक आहे. उद्या आपलं नाव शोधून तेच वाचणारे अनेक असतील, आणि त्यांनी अजून आपली हळद घेतलेलीच नाही. आपलं उत्तर त्या लिखाणाच्या खालीच दिसतं आणि तिथेच राहतं. म्हणून ते मुख्यतः या पुढच्या गिऱ्हाइकांसाठी लिहायचं.

उत्तर लिहायच्या आधी खोलीतला माल बघायचा. पाकिटावर लॉट नंबर असतो. त्याच लॉटची शिल्लक पाकिटं काढा, दोन-तीन फोडा, सील दाबून बघा. त्या गिऱ्हाइकाला कोणता लॉट गेला हे विक्रीच्या रजिस्टरात नसेल, तर तिथेच आपली अडचण होते. पावसाळ्यात सील नीट बसलं नाही की ओल शिरते आणि पूड गोळा होते. म्हणजे गाठींची तक्रार खरी असू शकते. फिकट रंगाची गोष्ट वेगळी. रंग वाणावर, शिजवण्यावर, वाळवण्यावर अवलंबून असतो. आणि 'फसवणूक' ही तक्रार नाही, तो राग आहे.

या तिन्हींना सारखं उत्तर द्यायचं नसतं. समजा, तपासताना दोन पाकिटांचं सील सैल निघालं. मग उत्तर असं लिहिता येईल:

"नमस्कार. पाकिटात गाठी निघाल्या याबद्दल आम्ही दिलगीर आहोत. त्याच लॉटची पाकिटं आम्ही उघडून पाहिली. दोन पाकिटांचं सील सैल होतं. राहिलेला लॉट विक्रीतून काढला आहे. तुमच्याकडची हळद कृपया वापरू नका. नवीन पाकीट आमच्या खर्चाने पाठवू किंवा पैसे परत करू, तुम्ही सांगाल तसं. रंगाबद्दल सांगायचं तर आम्ही हळदीत वरून रंग घालत नाही. पाकिटावरच्या नंबरवर फोन करा. – सचिव"

बघा, यात 'फसवणूक' हा शब्दच नाही. "आम्ही फसवणूक करत नाही" असं लिहिलं की तो शब्द आपल्या तोंडून पुन्हा एकदा वाचला जातो. त्यापेक्षा लॉट काढला, पैसे परत देतो, हे वाचून पुढचा माणूस आपोआप ठरवतो. रंगाचं एकच वाक्य आहे, तेही आपण काय करतो एवढंच सांगणारं. "फिकट म्हणजेच शुद्ध" असं लिहू नका, ते खरं नाही. प्रयोगशाळेचा रिपोर्ट हातात नसेल तर "तपासलेली हळद" असंही नाही. आणि जे केलं नाही, ते केलं म्हणून तर मुळीच लिहायचं नाही. सील चांगलं निघालं तर तसंच लिहा, पाकीट बदलून द्यायची तयारी मात्र तीच ठेवा.

आता बिघडतं कुठे, ते सांगते. बऱ्याचदा गटाचं खातं कुणाच्या तरी मुलाच्या मोबाईलवर असतं. आईच्या कष्टाला कुणी नावं ठेवली म्हणून तो रात्री अकराला तावातावाने लिहितो, "तुम्हाला हळदीतलं काय कळतं?" त्याचा राग मी समजू शकते, पण वाचणाऱ्याला ते गटाचंच उत्तर वाटतं. म्हणून उत्तर कोण लिहिणार हे बैठकीत ठरवा. एकीने लिहायचं, दुसरीने वाचायचं, मगच टाकायचं. एक-दोन दिवस लागले तरी चालतील. गिऱ्हाइकाचं नाव-पत्ता, फोन नंबर किंवा पावतीचा फोटो उत्तरात कधीच टाकू नका. तारे वाढवायला घरच्यांकडून पाच-पाच तारे मागवू नका, आणि "तारा वाढवा, अर्धा किलो फुकट देतो" असंही म्हणू नका. दोन्ही गूगलच्या नियमाबाहेर आहे.

उत्तर टाकायला गटाचं खातं व्हेरिफाय झालेलं लागतं. उत्तर दिल्यावर लिहिणाऱ्याला गूगलकडून कळवलं जातं, आणि त्याला आपलं लिखाण व तारे बदलता येतात. बदललेच पाहिजेत असं काही नाही. नुसतं वाईट लिहिलंय म्हणून आपल्याला ते काढून टाकता येत नाही. शिवीगाळ असेल किंवा आपल्या मालाशी संबंधच नसेल, तर मात्र त्याच ठिकाणी रिपोर्ट करता येतं.

त्याने आपलं लिखाण बदलून पुन्हा तावातावाने लिहिलं, तर आपलं उत्तर बदलत बसू नका, फोन करा. पाकीट पाठवल्याची तारीख आणि लॉट नंबर रजिस्टरात लिहून ठेवा. सील मशीनचं काम बघणाऱ्या ताईंनाही त्याच दिवशी सांगा.