ताप गेला, सांधे मात्र धरलेलेच

सोलापूर जिल्ह्यातील बार्शी येथे १९७३ मध्ये चिकुनगुन्याची साथ आली होती. त्यानंतर सुमारे तीन दशके हा रोग देशातून जणू अदृश्य झाला आणि २००५ च्या अखेरीस परतला. टांझानियातील माकोंडे भाषेत या नावाचा अर्थ ‘वाकवून टाकणारा’ असा होतो. ताप आठवड्याभरात उतरतो; वाकवते ते मागे उरलेले सांधेदुखीचे दुखणे.

समजा, भिलाईच्या एखाद्या सेक्टरमध्ये राहणाऱ्या साठीच्या गृहिणीला सप्टेंबरच्या प्रारंभी हा ताप आला. तो पाच दिवसांत गेला. परंतु दोन्ही मनगटे, बोटे आणि घोटे सुजले. ऑक्टोबरमध्ये सकाळी तासभर मुठी मिटत नसत. नोव्हेंबरच्या मध्यास हा ताठरपणा वीस मिनिटांवर आला. थंडी पडताच दोन दिवस दुखणे पुन्हा उसळले आणि ओसरले. ही बरे होण्याचीच वाट आहे. ती सरळ नसते. मात्र महिन्यागणिक ताठरपणाची मिनिटे घटतात आणि पोळ्या लाटणे, बादली उचलणे यांसारखी कामे जमू लागतात. म्हणून दर रविवारी ही मिनिटे वहीत टिपून ठेवावीत.

याउलट, तीन महिने उलटूनही बोटांच्या पेरांवर सूज असेल, सकाळचा ताठरपणा अर्ध्या तासाहून अधिक टिकत असेल वा पकड ढिली होत असेल, तर संधिवाततज्ज्ञांना दाखवावे. काही रुग्णांत विषाणू गेल्यावरही सांध्यांच्या अस्तराचा दाह चालूच राहतो आणि त्याचे रूप आमवातासारखे दिसते. क्वचित मूळचा आमवातच या निमित्ताने उघड होतो. दोहोंतील फरक केवळ एका रक्तचाचणीने ठरत नाही. ‘आरए फॅक्टर’ चिकुनगुन्यानंतरही काही काळ आढळू शकतो. म्हणून तज्ज्ञ ‘अँटी-सीसीपी’ तपासणी, क्ष-किरण चित्र आणि प्रत्यक्ष सांधे यांचा एकत्र विचार करतात. चिकुनगुन्याची ‘आयजीएम’ चाचणी महिनोन्‌महिने होकारार्थी येऊ शकते. तेवढ्यावरून विषाणू अद्याप शरीरात आहे, असे समजू नये.

एखादाच सांधा अचानक लाल, गरम होऊन पुन्हा ताप आला, तर मात्र तीन महिन्यांची वाट पाहू नये. सांध्यात जंतुसंसर्ग झालेला असू शकतो. त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

औषधांबाबत दोन सावधगिरी पाळाव्यात. तापाच्या दिवसांत डेंग्यू नाही हे ठरेपर्यंत पॅरासिटामॉलच घ्यावे. ॲस्पिरिन व तत्सम वेदनाशामकांनी रक्तस्रावाचा धोका वाढतो. पुढे शेजाऱ्यांनी सुचविलेली, एका रात्रीत आराम देणारी गोळी बहुधा स्टेरॉईडची असते. ती बंद करताच दुखणे उलटते, शिवाय रक्तदाब व साखर वाढू शकते. त्याऐवजी कोमट पाण्यात हात बुडवून बोटांची सावकाश उघडझाप करावी. सांधे पूर्ण विश्रांतीत ठेवल्यास ते अधिकच आखडतात.

तज्ज्ञांकडे जाताना ती वही अवश्य सोबत न्यावी.