चार खांबांवर उभा हिरा

एक कॅरेटचा गोल हिरा साधारण 6.5 मिलिमीटर व्यासाचा असतो. अंगठीत त्याला धरून ठेवतात ते सोन्याचे चार किंवा सहा बारीक खांब. बाजारात त्यांना प्रॉंग म्हणतात. अंगठी दाराच्या कडीत अडकते, पर्सच्या चेनला घासते, स्वेटरच्या धाग्यात गुंतते, आणि प्रत्येक वेळी तो हिसका याच खांबांना बसतो. चारांपैकी एक जरी बाहेरच्या बाजूला वाकला, तरी हिरा निसटायला वाट मिळते. टिफनी कंपनीने 1886 मध्ये आणलेल्या प्रसिद्ध घडणीत सहा प्रॉंग होते. तिथे एक दगावला तरी पाच उरतात, म्हणून प्रत्येक प्रॉंग थोडा बारीक ठेवता येतो. चार प्रॉंगच्या अंगठीत ही सोय नाही.

आज अशा बहुतेक अंगठ्या आधी संगणकावर घडतात. अंधेरीच्या सीप्झमधल्या निर्यात कारखान्यांत हे रोजचेच काम आहे. डिझायनर राइनो किंवा मॅट्रिक्ससारख्या सॉफ्टवेअरमध्ये अंगठी रचतो, थ्रीडी प्रिंटर ती मेणात किंवा रेझिनमध्ये काढतो. त्या नमुन्याभोवती प्लास्टरसारखे मिश्रण ओततात, भट्टीत नमुना जाळून टाकतात आणि मागे राहिलेल्या पोकळीत वितळलेले सोने जाते. पडद्यावरची रेघ आणि बोटातली अंगठी यांच्यामध्ये एवढी वाट आहे. प्रॉंगची जाडी ठरवताना या वाटेचा विसर पडला, तर पडद्यावर देखणी दिसणारी अंगठी सेटरच्या हातात पोहोचेपर्यंत दुबळी झालेली असते.

म्हणून जाणता डिझायनर हिशेब उलट्या टोकाकडून करतो. 18 कॅरेट सोन्यातली, 6.5 मिलिमीटरच्या हिऱ्याची, चार प्रॉंगची अंगठी घेऊ. तयार अंगठीत प्रॉंग 1.1 मिलिमीटर जाड हवा आहे. ओतून आलेल्या तुकड्याचा पृष्ठभाग खरबरीत असतो. तो कानशीने घासून पॉलिश करताना प्रत्येक बाजूने अदमासे 0.1 मिलिमीटर सोने जाते, म्हणजे व्यासातून 0.2. तेव्हा पडद्यावर 1.3 मिलिमीटर काढायला हवे. ही झीज प्रॉंगच्या जाडीचे प्रमाण पाहत नाही, हे महत्त्वाचे. 1.3 मधून 0.2 गेले तर सातव्या हिश्शाहून थोडेच जास्त जाते. 0.8 मधून तेवढेच गेले तर चौथा हिस्सा.

धातू थंड होताना आकसतो, त्याचाही हिशेब असतो, पण तो वेगळ्या जागी जाणवतो. आकुंचन दोन टक्के धरले, तर प्रॉंगमध्ये तो फरक नगण्य ठरतो. मात्र 16.5 मिलिमीटर आतल्या व्यासाच्या अंगठीत तोच फरक 0.33 मिलिमीटर भरतो आणि अंगठी बोटात घट्ट होते. म्हणून संपूर्ण मॉडेल शेवटी Scale आज्ञेने 1.02 पट करतात. नेमका आकडा प्रत्येक कारखाना आपल्या मिश्रधातूवरून आणि पद्धतीवरून काढतो. मध्ये रबरी साचा येत असेल, तर आकुंचन आणखी वाढते.

आता प्रॉंगची जागा. हिऱ्याचा सर्वांत रुंद कंगोरा म्हणजे गर्डल. प्रॉंग त्याला नुसता टेकून भागत नाही, पडद्यावर तो हिऱ्याच्या आत थोडा घुसलेला दिसायला हवा. कारण पुढे सेटर त्याच उंचीवर प्रॉंगच्या आतल्या अंगाला खाच पाडणार असतो आणि गर्डल त्या खाचेत बसणार असते. हिऱ्याची त्रिज्या 3.25 आणि प्रॉंगची 0.65. प्रॉंगचे केंद्र हिऱ्याच्या केंद्रापासून 3.5 मिलिमीटरवर ठेवले, की दोन्ही 0.4 मिलिमीटर एकमेकांत शिरतात. एक प्रॉंग नीट जुळला, की ArrayPolar आज्ञेने बाकीचे तीन उभे राहतात.

घासून झाल्यावर यातली पकड 0.3 मिलिमीटरची राहते. 1.1 च्या प्रॉंगमध्ये तेवढी खाच पाडली, तरी मागे 0.8 मिलिमीटर सोने शाबूत असते. हाच प्रॉंग पडद्यावर 1.0 चा काढला असता तर? घासून 0.8, खाचेनंतर 0.5. असा प्रॉंग वाकवायला पहिल्याच्या एक तृतीयांशाहूनही कमी जोर पुरतो, कारण जाडी घटते त्याहून कितीतरी वेगाने ताकद घटते. दुकानात दोन्ही अंगठ्या जवळपास सारख्याच दिसतात. फरक कळतो तो काही महिन्यांनी.

नवखे डिझायनर इथे आणखी एक गोष्ट हौसेने करतात. BooleanDifference वापरून खाच पडद्यावरच कोरून टाकतात, सेटरचे काम हलके व्हावे म्हणून. हेतू चांगला, पण ओतकामात तोच घात करतो. सोने प्रॉंगमध्ये खालून वर चढते. वाटेत खाचेमुळे मान बारीक झाली, की ती आधी गोठते आणि तिच्या वरच्या टोकाला सोन्याचा पुरवठा तुटतो. शेतातला पाट मध्येच अरुंद झाला तर टोकाचा वाफा कोरडा राहावा, तसे. टोक अर्धवट भरते किंवा आतून सच्छिद्र होते. म्हणून ओतण्यासाठी प्रॉंग अखंड ठेवावा, शक्य तर बुडाशी 1.4 आणि वर 1.3 असा किंचित निमुळता, म्हणजे टोक आधी गोठेल आणि बुडाकडून त्याला सोने मिळत राहील. प्रॉंग जिथे खालच्या कड्याला मिळतो, तिथला काटकोन थोडा गोलवावा. तीक्ष्ण कोपऱ्यावर प्लास्टरचा कण तुटून सोन्यात अडकतो.

उंचीही अशीच मोजून ठेवावी लागते. प्रॉंग हिऱ्याच्या सपाट माथ्यापेक्षा 0.3 ते 0.5 मिलिमीटर वर निघालेला असावा. सेटर तो वाकवून हिऱ्यावर दाबतो आणि जास्तीचा भाग कापून टोक गोल करतो.

मग सरसकट जाड प्रॉंगच का नको? जाड प्रॉंग वाकवायला जास्त दाब लागतो, आणि तो दाब रत्नावर पडतो. हिरा कठीण असला तरी त्याच्या पातळ गर्डलचा कपचा उडू शकतो. पाचूत तर मुळातच भेगा असतात, त्यामुळे तिथे दाब फार जपून द्यावा लागतो. शिवाय जाड टोके रत्नाचा माथा झाकतात.

तुकडा ओतून आल्यावर दहापट भिंगाखाली प्रॉंगची टोके आधी पाहावीत. टोक बोथट, आखूड किंवा गोळीसारखे गोल आले असेल, तर सोने वरपर्यंत पोहोचलेले नाही. बुडाशी टाचणीच्या टोकाएवढी छिद्रे दिसली, तर आत सच्छिद्रता आहे. ही छिद्रे कधीकधी पॉलिशनंतरच उघडी पडतात. लेसरने भरून ती दिसेनाशी करता येतात, पण प्रॉंगच्या बुडाशी असतील तर तो तुकडा पुन्हा ओतणेच बरे.

प्रॉंग बारीक करण्याचा दबाव बहुधा वजनामुळे येतो. ग्राहकाने अंगठीचे वजन ठरवून दिलेले असते आणि सोन्याचा भाव चढा असतो. पण पाच मिलिमीटर लांबीचे चार प्रॉंग 1.3 वरून 1.0 वर आणले, तर 18 कॅरेटमध्ये वाचतात फक्त 0.17 ग्रॅम. तेवढे सोने बोटाभोवतीच्या कड्याला आतून, बोटाला टेकणाऱ्या बाजूने पोकळ करूनही वाचते. तिथेही भिंत 0.8 मिलिमीटरच्या खाली जाऊ देऊ नये, कारण सोने त्याच कड्यातून प्रॉंगपर्यंत पोहोचते.